बॅक राहिली होती, हे कंपनीला कसं कळवायचं? : एका छोट्या मेलचा खर्च आणि हिशेब

जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कॅम्पसचा हंगाम सुरू झाला की हॉस्टेलवर एक सल्ला फुकट मिळतो. सीनियर सांगतो, ‘अरे, डेड बॅक कोण विचारतंय? लिहूच नको.’ विषय सुटला म्हणजे बॅक मेली, आणि मेलेल्या गोष्टीचा उल्लेख कशाला, असा त्यामागचा विचार. हा सल्ला निम्मा बरोबर आहे आणि उरलेला निम्मा महागात पडतो. कुठला निम्मा कुठला, ते कंपनीच्या फॉर्ममधल्या एका प्रश्नावर ठरतं. म्हणून मेल लिहायला बसण्याआधी तो प्रश्न नीट वाचायचा.

काही फॉर्म फक्त ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘लाइव्ह’ बॅकलॉग विचारतात, म्हणजे आज या घडीला न सुटलेले विषय. सगळे सुटले असतील तर शून्य लिहायचं, आणि ते शून्य खरंच असतं. तिथे जुन्या नापासांची कहाणी स्वतःहून सांगत बसायची गरज नाही. पण काही फॉर्म एकूण बॅकलॉग विचारतात, सुटलेले आणि न सुटलेले मिळून. काहींमध्ये ‘बॅकलॉग हिस्टरी’ असा वेगळा रकाना असतो. तिथे शून्य लिहिणं ही खोटी माहिती ठरते आणि ती पकडायला कुणाला फार कष्ट पडत नाहीत. गुणपत्रिकेवर परीक्षेचा हंगाम छापलेला असतो. तिसऱ्या सत्राचा विषय वर्षभरानंतरच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला दिसला की कागद तपासणाऱ्याला बॅक तिथेच कळते. ऑफर लेटरवर ‘पडताळणीच्या अधीन’ अशा अर्थाचं वाक्य बहुतेक वेळा असतं. गुणपत्रिका आणि फॉर्म जुळले नाहीत तर ऑफर मागे घेण्याची मुभा कंपनीला त्याच वाक्याने मिळते. बॅक होती म्हणून नोकरी गेली असं पुढे सांगितलं जातं, पण पुष्कळदा ती गेलेली असते फॉर्ममधल्या त्या शून्यामुळे.

मोजायचं कसं, यातही गोंधळ होतो. बॅक विषयावर मोजतात, प्रयत्नांवर नाही. एम-थ्री दोनदा राहिला आणि तिसऱ्यांदा सुटला, तर बॅक एक, प्रयत्न तीन. प्रयत्न विचारले नसतील तर फॉर्ममध्ये सांगायचे नाहीत, विचारले असतील तर तीन लिहायचे. आणि इयर डाऊन झालं असेल, तर तो वर्षाचा खंड म्हणून वेगळा कळवायचा, कारण मोठ्या आयटी कंपन्या त्याची वेगळी मर्यादा ठेवतात. उदाहरणार्थ, टीसीएसच्या फ्रेशर भरतीत अलीकडच्या वर्षांत दहावीपासून पदवीपर्यंत 60 टक्के किंवा 6 सीजीपीए, जास्तीत जास्त एक चालू बॅक आणि शिक्षणातल्या खंडाला ठराविक मर्यादा, अशा अटी राहिल्या आहेत. खंड आणि बाकी असलेले विषय जाहीर करणं तिथे सक्तीचंच असतं. अटी दरवर्षी बदलू शकतात, म्हणून यंदाची नोटीसच खरी धरायची.

आता सीजीपीए. खान्देशात हा भाग थोडा किचकट आहे. जळगावचं विद्यापीठ 1990 सालचं, 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाचं, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे त्याचं क्षेत्र. पण गेल्या काही वर्षांत इथली अनेक इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला संलग्न झाली आहेत, आणि शिरपूरचं आर. सी. पटेल तर स्वायत्त आहे. म्हणजे पूल कॅम्पसला एकाच बाकावर बसलेल्या तिघांच्या गुणपत्रिका तीन प्रकारच्या असू शकतात. अशा वेळी सीजीपीएला दहाने गुणून टक्के काढायची सवय घात करते. एआयसीटीईच्या प्रचलित तक्त्यात 6.25 म्हणजे 55 टक्के आणि 6.75 म्हणजे 60 टक्के धरले आहेत. त्या हिशेबाने 6.4 म्हणजे 64 टक्के नव्हेत, साधारण साडेछप्पन्न होतात. तेव्हा मेलमध्ये गुणपत्रिकेवर छापलाय तो सीजीपीएच लिहा. टक्के मागितलेच तर आपल्या विद्यापीठाने दिलेलं सूत्र वापरा आणि ‘विद्यापीठाच्या सूत्रानुसार’ एवढे शब्द सोबत जोडा. अट ‘60 टक्के किंवा 6 सीजीपीए’ अशी असेल तर 6.4 वाला सीजीपीएच्या बाजूने बसतो. त्याने टक्के काढायला जाऊन स्वतःलाच बाद करू नये.

दुसरी गोष्ट, मेल कुठे चालते आणि कुठे नाही. मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर कटऑफ यंत्र लावतं. तिथे 5.8 सीजीपीएसाठी किंवा दोन चालू बॅकसाठी कितीही सुंदर मेल लिहिली तरी ती वाचून अट सैल करण्याचा अधिकार मेल वाचणाऱ्याकडे नसतो. ती संध्याकाळ विषय सोडवण्यावर घालवलेली बरी. जिथे निर्णय माणूस घेतो तिथे मेलचा उपयोग असतो. पाइप, ठिबक, चटई, डाळ, कापड अशा इथल्या उद्योगांत किंवा मध्यम कंपनीत एचआर आणि प्लँटमधला एखादा साहेब मिळून यादी करतात. ते मेल वाचतात. मोठ्या कंपनीतही दोन प्रसंगी मेल चालते. एक, फॉर्ममध्ये चुकीची माहिती गेली असेल तर दुरुस्ती कळवायला. दोन, निवडीच्या यादीत नाव आल्यावर कागद मागवले जातात तेव्हा.

आणि पाठवायची ती प्लेसमेंट ऑफिसरना विचारूनच. कॅम्पसचा संबंध कंपनी आणि कॉलेज यांच्यातला असतो, विद्यार्थी मधेच परस्पर लिहायला लागला की टीपीओ सरांना खुलासे करत बसावं लागतं. ‘सर, फॉर्ममध्ये माझी एक नोंद चुकली आहे, कंपनीला दुरुस्ती कळवायची आहे, तुम्हाला सीसीमध्ये ठेवून पाठवू का?’ एवढं विचारलं तर बहुतेक सर हो म्हणतात, नाहीतर स्वतःच पाठवतात. दोन्ही चालेल.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, धुळ्याच्या शासकीय तंत्रनिकेतनातून 2024 साली मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली एक विद्यार्थिनी आहे. डिप्लोमाला 78 टक्के. त्यानंतर जळगावच्या कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. इथे डिप्लोमावाल्यांची ठरलेली ठेच म्हणजे एम-थ्री, कारण पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित न करता ती मुलं थेट लाप्लासवर येऊन उभी राहतात. प्रवेशफेऱ्या लांबल्या तर वर्गात बसायलाच उशीर होतो, तो वेगळा. हिवाळी 2024 मध्ये तिचे एम-थ्री आणि थर्मोडायनॅमिक्स राहिले. थर्मो उन्हाळी 2025 मध्ये सुटला, एम-थ्री तेव्हाही राहिला आणि हिवाळी 2025 मध्ये सुटला. सत्रनिहाय एसजीपीए तिसऱ्यात 5.1, चौथ्यात 6.2, पाचव्यात 6.9, सहाव्यात 7.3, आणि एकूण सीजीपीए 6.38. कंपनीची अट 6 सीजीपीए आणि चालू बॅक नको. म्हणजे ती पात्र आहे. पण फॉर्ममध्ये ‘एकूण बॅकलॉग’ या रकान्यात तिने सीनियरचं ऐकून शून्य भरलं. आता लेखी परीक्षा झाली, यादीत नाव आलं, आणि पोटात गोळा आला.

अशा वेळी मुलं पहिला खर्डा जो लिहितात तो साधारण असा असतो: ‘सर्वप्रथम मी मनापासून माफी मागते. खरं तर डिप्लोमाहून आल्यामुळे मला गणिताचा पाया नव्हता, त्यातच प्रवेश उशिरा झाला, कॉलेजात त्या विषयाला शिक्षकही नियमित नव्हते, पेपर खूप कठीण काढला होता आणि आमच्या वर्गातले अर्ध्याहून जास्त नापास झाले. तसेच घरी कापूस वेचणीचे दिवस असल्याने मला अभ्यासाला वेळ मिळाला नाही. पण मी खूप मेहनती आहे आणि संधी दिली तर तुम्हाला निराश करणार नाही. कृपया सहानुभूतीने विचार करावा.’

यातलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं. तरीही वाचणाऱ्याला हवं ते यात नाही. किती विषय, कोणते, कधी सुटले, आज काय स्थिती आहे, यातलं काहीच कळत नाही. कारणं मात्र सहा आहेत. कारण एक असलं तर वाचणारा ते मानतो, सहा असली तर कुठलंच मानत नाही. मेल बचावाची वाटते ती मुख्यतः या प्रमाणामुळे, म्हणजे कारण लांब आणि माहिती आखूड असल्यामुळे. शब्द कितीही नम्र घातले तरी ते प्रमाण झाकलं जात नाही.

मग कारण कोणतं ठेवायचं? जे आपल्याकडे बोट दाखवतं किंवा निदान दुसऱ्या कुणाकडे दाखवत नाही, ते. शिक्षक नव्हते, पेपर कठीण होता, वर्ग नापास झाला ही तिन्ही वाक्यं काढायची. कंपनीत गेल्यावर मशीन बिघडलं की ही मुलगी कुणाचं नाव घेईल, असा विचार वाचणारा करतोच. कापूस वेचणीचं कारण खरं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. हिवाळी परीक्षेची तयारी आणि वेचणी दिवाळीच्या आगेमागे एकत्र येतात, हे खान्देशातल्या एचआरला सांगावं लागत नाही. पण मग ते एकटंच ठेवायचं आणि त्यात दयेचा सूर आणायचा नाही. ‘त्या सत्रात घरच्या शेतीचं काम आणि अभ्यास यांची सांगड मला घालता आली नाही’ एवढं पुरे. आजारपण असेल तर ‘त्या सत्रात प्रकृतीच्या कारणाने’ एवढंच, रोगाचं नाव आणि रिपोर्ट नकोत. मराठी माध्यमाचं कारण पहिल्या दोन सत्रांपुरतं पटतं, तिसऱ्या वर्षाच्या बॅकसाठी दिलं तर उलटतं. आणि कोविडचं कारण आता काढूच नका. 2021 साली दहावी झालेल्यांचे गुण परीक्षेविना, शाळेच्या मूल्यमापनावर लागले, हे कंपन्यांना माहीत आहे. दहावीला 91 आणि इथे 6.38 हा उतार तुमच्याआधी त्यांनी शेकडो गुणपत्रिकांत पाहिलेला असतो.

आपल्या विद्यार्थिनीने एकच कारण ठेवलं, आणि मेल अशी झाली:

विषय: फॉर्ममधील नोंदीची दुरुस्ती – एकूण बॅकलॉग 2, चालू 0 – (नाव, पीआरएन)

आदरणीय मॅडम,
आपल्या कंपनीच्या कॅम्पस फॉर्ममध्ये ‘एकूण बॅकलॉग’ या रकान्यात मी 0 भरले आहे. ते चुकीचे आहे, बरोबर आकडा 2 आहे. तिसऱ्या सत्रात (हिवाळी 2024) गणित-3 आणि थर्मोडायनॅमिक्स हे विषय राहिले होते. थर्मोडायनॅमिक्स उन्हाळी 2025 मध्ये आणि गणित-3 हिवाळी 2025 मध्ये उत्तीर्ण झाले. आज एकही विषय बाकी नाही.
डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आल्यावर गणिताची राहिलेली तयारी मी वेळेत भरून काढली नाही. त्यानंतरच्या सत्रांचे एसजीपीए 6.2, 6.9 आणि 7.3 असे आहेत. एकूण सीजीपीए 6.38.
सर्व सत्रांच्या गुणपत्रिका एका पीडीएफमध्ये जोडल्या आहेत. माझी नोंद दुरुस्त करावी, ही विनंती.
आपली,
(नाव, शाखा, कॉलेज, मोबाइल)

ही मेल प्रत्यक्षात इंग्रजीत जाईल. पण आधी अशी मराठीत लिहून मग वाक्याला वाक्य इंग्रजी केलं, तर इंग्रजीही आपोआप साधी राहते. उलट थेट इंग्रजीत बसलं की ‘अनफॉर्च्युनेटली’, ‘ॲक्च्युअली’, ‘ड्यू टू सम अनअव्हॉइडेबल सरकमस्टन्सेस’ हे पाहुणे न बोलावता येतात. हे तिन्ही काढून टाका, मेलमधली एकही माहिती कमी होणार नाही. शेवटची विनंतीही पाहा. ‘सहानुभूतीने विचार करावा’ असं नाही, ‘नोंद दुरुस्त करावी’ असं आहे. पहिली विनंती मान्य करायला वाचणाऱ्याला जबाबदारी घ्यावी लागते. दुसरी मान्य करायला एक आकडा बदलावा लागतो.

माफी त्यात नाही, हे काहींना खटकेल. चुकीची नोंद ‘चुकीची’ म्हटली, ती माफीच आहे. फॉर्म कुणी भरायला सांगितला, सीनियर काय म्हणाला, हे लिहायचं नाही. आणि ‘नजरचुकीने’ हा शब्द तर मुळीच नाही, कारण या उदाहरणात ती नजरचूक नव्हती. प्रामाणिक मेलमध्ये एक छोटं खोटं ठेवलं तर तेवढंच पुढे मुलाखतीत विचारलं जातं.

विषय अजून सुटला नसेल, निकाल यायचा असेल, तर वाक्य वेगळं होतं. ‘हिवाळी परीक्षा दिली आहे, निकाल प्रतीक्षेत आहे, लागताच त्याच दिवशी कळवीन.’ ‘मी नक्की पास होईन’ लिहायचं नाही, ते तुमच्या हातात नाही. फेरमूल्यांकनाला अर्ज केला असेल तर तेही एका वाक्यात, आणि तोवर बॅक चालूच धरायची. उत्तरपत्रिका पाहायची असेल तर विद्यापीठाच्या छायाप्रतीच्या सोयीखेरीज माहिती अधिकाराचा मार्गही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात परीक्षार्थीचा हा हक्क मान्य केला. पण त्या वाटेने उत्तर यायला महिना लागू शकतो, कॅम्पस तितकं थांबत नाही.

आता खर्च. मेल फुकट, आणि गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये उपलब्ध असतील तर त्याही फुकट. नसतील तर मोबाइलच्या स्कॅनरने सरळ उजेडात काढलेल्या प्रती चालतात, फक्त सगळी सत्रं क्रमाने एकाच फाइलमध्ये आणि फाइलला ओळखता येईल असं नाव, जसं `Marksheets_Sem3-6_PRN.pdf`. झेरॉक्सवाल्याकडे गेलात तरी चहाच्या पैशांत काम होतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये आणि पानामागे 2 रुपये. फेरमूल्यांकन आणि छायाप्रतीचं शुल्क विषयागणिक असतं, ते त्या हंगामाच्या परिपत्रकात पाहायचं किंवा कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारायचं. अर्जाची मुदत चुकली की शुल्क भरायला तयार असूनही उपयोग होत नाही, म्हणून निकाल लागला त्याच दिवशी विचारलेलं बरं.

खर्च वाढतो तो घाईने केलेल्या कागदांवर. इयर डाऊन झालेल्यांना कुणीतरी सांगतं, गॅपचं ॲफिडेव्हिट करून ठेव. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून प्रतिज्ञापत्रासह अनेक दस्तांसाठी शंभराच्या जागी पाचशेचा स्टँप लागू झाला, वर नोटरीचे आणि टायपिंगचे पैसे. कंपनीने लेखी मागितल्याशिवाय हा खर्च करू नका. मागितलं तर मजकुराचा नमुना त्यांच्याकडूनच घ्या, कारण कंपनीला हवा तो मजकूर नसेल तर पाचशेचा कागद पुन्हा घ्यावा लागतो. बॅकलॉगसाठी तर असं काही लागतच नाही, गुणपत्रिका हाच पुरावा. रेझ्युमे आणि मेल ‘प्रोफेशनल’ करून देणाऱ्यांना द्यायचे पैसेही वाचवा. तुमच्या तिसऱ्या सत्रात काय झालं ते त्यांना माहीत नसतं, मग ते वरचीच पाहुणी वाक्यं पेरतात. आणि ‘बॅक असली तरी लावून देतो, फक्त रजिस्ट्रेशनचे किंवा डिपॉझिटचे भरा’ असा फोन आला, तर तो भरतीचा नाही, फसवणुकीचा आहे. पैसे देऊ नका आणि नंबर टीपीओ सरांना द्या. कमी गुणांच्या मुलांचीच यादी असे लोक शोधत असतात.

मेल कधी पाठवायची? दुरुस्तीची असेल तर चूक कळल्या दिवशीच, मुलाखतीच्या निदान दोन दिवस आधी. मुलाखतीच्या सकाळी पाठवलेली मेल कुणी उघडत नाही, आणि उघडली तर आता सापडणार म्हणून सांगतेय असं वाटतं. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसरी मेल नको, टीपीओ सरांकडून एकदा विचारून घ्यायचं. उत्तर नकाराचं आलं, तर ‘कळवल्याबद्दल आभार’ एवढंच. कंपनी पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात येणार असते.

मुलाखतीला बोलावलं, तर या मेलने एक काम वाढवून ठेवलेलं असतं. थर्मोडायनॅमिक्सचं नाव तुम्हीच लिहून दिलंय, तेव्हा प्लँटचे साहेब बहुधा तिथूनच सुरुवात करतील. ‘का राहिला?’ याला मेलमधलं तेच एक वाक्य तोंडी सांगायचं, नवीन कारण जोडायचं नाही. पुढचा प्रश्न विषयातला येतो. दुसरा नियम सांगा, बॉयलर आणि कंडेन्सर यांत काय होतं, तुमच्या घरच्या फ्रिजमध्ये उष्णता कुठून कुठे जाते. जो विषय दुसऱ्या प्रयत्नात सुटला त्यातले असे दहा प्रश्न आदल्या रात्री मोठ्याने बोलून पाहायचे. एम-थ्रीतही लाप्लासचं एखादं साधं गणित कागदावर सोडवता यायला हवं, कारण तीन प्रयत्नांनंतर हा विषय आला का, हे मेलवरून कळत नाही, साहेबांना ते समोर पाहायचं असतं.